गोळी छातीत अडकली तर: जळजळ कशाने होते, लगेच काय करायचं आणि गोळी नीट कशी गिळायची

रात्री झोपताना एक कॅप्सूल घेतली, घोटभर पाणी प्यायलं आणि आडवं झालं. पहाटे छातीच्या मधोमध आगीसारखं दुखून जाग येते. आवंढा गिळला तरी कळ येते, पाणी प्यायलं तर ते कुठून खाली जातंय ते जाणवतं. बहुतेक जण याला ‘पित्त झालं’ म्हणतात, थंड दूध पितात आणि दुसऱ्या रात्री तीच कॅप्सूल तशाच पद्धतीने पुन्हा घेतात. इथे पित्ताचा संबंध नसतो. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळते आणि त्या जागी जखम होते.

असं कुठल्याही गोळीने होऊ शकतं, पण काही औषधं यासाठी जास्तच कुप्रसिद्ध आहेत. त्यांत डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सगळ्यात वर आहे. मुरुमांसाठी ते आठवडेच्या आठवडे घ्यावं लागतं. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोवा या भागांत साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोपासून बचाव म्हणून डॉक्टर तेच देतात. तरुण, धडधाकट माणसं ते घेतात, त्यामुळे ‘मला गोळी गिळायला त्रास होईल’ असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून इथे डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल हेच मुख्य उदाहरण घेतलं आहे. बाकीच्या गोळ्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आत नेमकं काय होतं

घशापासून जठरापर्यंतची अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. ती पाइपसारखी सतत उघडी नसते. एरवी तिच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, घास आला की उघडतात आणि स्नायूंची एक लाट त्याला खाली ढकलते. ओला, मऊ घास काही सेकंदांत जठरात पोचतो. कोरडी गोळी मात्र त्या भिंतींच्या मध्ये धरली जाते. दोन जागा विशेष अडचणीच्या: एक छातीच्या मध्यावर, जिथे महाधमनीची कमान अन्ननलिकेला बाजूने दाबते, आणि दुसरी अगदी खाली, जठराच्या तोंडाशी. गोळी गळ्यात अडकल्यासारखं वाटत असलं तरी खरी जागा बरेचदा खाली, छातीच्या हाडामागे असते, ती यामुळेच.

कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. थोड्याशा ओलाव्यात जिलेटिन मऊ होतं आणि डिंकासारखं चिकट बनतं. भरपूर पाणी असेल तर ते चिकटायच्या आत कॅप्सूल पुढे निघून जाते. एकाच घोटावर घेतली तर ओलावा असतो फक्त चिकटण्यापुरता. त्यात माणूस आडवा झाला की वजनाने खाली सरकणंही थांबतं. झोप लागली की लाळ जवळपास सुटत नाही आणि आपण गिळणंही जवळजवळ बंद करतो. एरवी दर मिनिटाला-दोन मिनिटांनी गिळला जाणारा आवंढा अन्ननलिका धुऊन काढत असतो, तो रात्री नसतो.

कवच फुटलं की आतलं औषध त्या एकाच जागी ओततं. डॉक्सिसायक्लिन पाण्यात विरघळलं की त्या पाण्याचा सामू २ ते ३ होतो, म्हणजे लिंबाच्या रसाच्या आसपास. जठराला असं आम्ल पेलायची सवय असते, अन्ननलिकेच्या अस्तराला नसते. काही तासांत तिथे व्रण तयार होतो. वेदनाशामक गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक) अस्तराचं संरक्षणच कमकुवत करतात. लोहाच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या जिथे टेकतात तिथे थेट भाजल्यासारखं करतात. हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळीही याच यादीत येते, तिचे नियम पुढे वेगळे दिले आहेत.

आत्ताच अडकली आहे: पहिला अर्धा तास

सगळ्यात आधी गोळी श्वासनलिकेत गेली आहे की अन्ननलिकेत, हे पाहायचं. माणूस नीट बोलतोय, ठसका नाही, श्वास नीट चाललाय, तर ती बहुधा अन्ननलिकेत आहे आणि घाई करायचं कारण नाही. जोराचा ठसका लागला असेल तर त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका. बोलता येत नाही, खोकला फुटत नाही, हात गळ्याकडे जातोय, ओठ निळसर होतायत, तर श्वास अडला आहे. माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने जोरात ५ थापा मारा. नाहीच निघाली तर मागून मिठी मारून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून ५ वेळा आत आणि वर झटका द्या. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर ५ दाब द्यायचे.

श्वास ठीक आहे आणि फक्त अडकल्यासारखं वाटतंय, तर असं करा.

१. उभे राहा किंवा ताठ बसा. आडवं व्हायचं नाही, उशीला टेकायचंही नाही.

२. आधी एकच लहान घोट साधं, कोमट किंवा नेहमीचं पाणी घ्या आणि थांबा. हा घोट चाचणीचा आहे. तो खाली गेला, परत वर आला नाही, तर वाट मोकळी आहे.

३. मग एक पूर्ण ग्लास, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी, घोटाघोटाने पण मध्ये फार न थांबता प्या. एकापाठोपाठ घोट घेतले की अन्ननलिका सतत ओली राहते आणि कॅप्सूल सुटते.

४. तरीही रुतल्यासारखं वाटलं तर पिकलेल्या केळ्याचे दोन-चार मऊ घास किंवा ताक घातलेला मऊ भात नीट चावून खा, आणि वर पुन्हा पाणी प्या. मऊ घास चिकटलेली कॅप्सूल आपल्याबरोबर ओढून नेतो.

५. पुढचा किमान अर्धा तास उभे किंवा बसून राहा.

चाचणीचा घोट परत वर आला, लाळही गिळता येत नाही, तोंडातून गळायला लागली, तर नळी पूर्ण बंद झाली आहे. त्यावर आणखी पाणी, केळं काहीही द्यायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. लगेच रुग्णालयात जायचं. तिथे दुर्बीण घालून गोळी काढतात किंवा पुढे ढकलतात.

घरगुती उपायांपैकी दोन मात्र टाळा. माशाचा काटा अडकल्यावर करतात तसा कोरड्या भाताचा किंवा पोळीचा मोठा गोळा न चावता गिळायचा नाही. वाट आधीच अरुंद असेल तर तोच वर बसतो. आणि घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. फुटलेली कॅप्सूल आणि जठरातलं आम्ल दोन्ही त्याच जखमेवरून परत येतात.

गोळी खाली गेली तरी ‘अजून तिथेच आहे’ असं काही तास वाटत राहू शकतं. घासल्या गेलेल्या अस्तराची ती जाणीव असते. उलटही होतं: गोळी चिकटलेली असते आणि काहीच कळत नाही, म्हणून तर माणूस निवांत झोपतो. तेव्हा ‘मला अडकल्यासारखं वाटलं नाही’ यावर विसंबू नका, पाण्याच्या मापावर विसंबा.

दुसऱ्या दिवशी दुखायला लागलं: कॅप्सूल, पित्त की हृदय?

एक नेहमीचा प्रसंग क्रमाने पाहू. जुलैतली संध्याकाळ, गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलेला पस्तिशीचा माणूस. पायावर खरचटलेलं आहे म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. तो जेवतो, टीव्ही पाहतो, अकरा वाजता अंथरुणावर बसून १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल एकदम तोंडात टाकतो, उशाच्या तांब्यातून एक घोट घेतो आणि आडवा होतो. चारला छातीच्या मधोमध जळजळीने जाग येते. सकाळी चहाचा पहिला घोट एका ठरावीक जागी पोचला की चमक निघते, मग पोळीच्या घासालाही तसंच. तो अँटासिडचं पातळ औषध घेतो, दहा मिनिटं बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलाही भीती वाटते.

या गोष्टीत निदान जवळपास लिहिलेलंच आहे. पित्ताची जळजळ जेवणानंतर, वाकल्यावर, तिखट खाल्ल्यावर वाढते, तिचं येणं-जाणं जुनं असतं आणि गिळताना खास दुखत नाही. कॅप्सूलची जखम अचानक उद्भवते, आदल्या दिवशी किंवा एक-दोन दिवसांत कुठली तरी गोळी घेतलेली असते, आणि प्रत्येक गिळण्याला एकाच ठिकाणी दुखतं. बोट ठेवून जागा दाखवता येते. डॉक्टरांकडे गेल्यावर ‘अ‍ॅसिडिटी झाली’ एवढंच सांगितलं तर ते पित्ताचंच औषध देतील. त्याऐवजी चार गोष्टी सांगा: कोणती गोळी, किती वाजता, किती पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किती वेळाने आडवे झालात. निदान पुष्कळदा एवढ्यावर होतं, दुर्बिणीची गरज पडत नाही.

हृदयाचं दुखणं वेगळं असतं, पण ते घरी बसून ठरवायचं नाही. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, दरदरून घाम, दम लागणं, दुखणं डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, चालल्यावर वाढणं, यातलं काहीही असेल तर गोळी घेतलेली असो वा नसो, आधी ईसीजी. वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दुखणं साधं वाटलं तरी ईसीजी काढून घेणंच बरं.

खालीलपैकी काही असेल तर लगेच रुग्णालय गाठा: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं, डांबरासारखी काळी शी, ताप, मानेपाशी किंवा छातीवर त्वचेखाली कुरकुरल्यासारखं लागणं, पाणीही न उतरणं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी एरवीही काळसर होते, म्हणून डॉक्टरांना ते आधीच सांगा, नाहीतर उगाच गोंधळ होतो.

जखम भरेपर्यंत

बहुतेकांची जखम काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत आपोआप भरते, एका अटीवर: तिच्यावर पुन्हा तेच औषध पडलं नाही पाहिजे. म्हणून पहिलं काम औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करणं. लेप्टोसाठी किंवा संसर्गासाठी चालू असलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने अर्ध्यावर सोडायचं नाही, आणि छाती जळत असताना पुढची कॅप्सूल मुकाट्याने गिळायचीही नाही. डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा पाण्यात विरघळवून घ्यायची गोळी देऊ शकतात. तिच्या पाकिटावर नावापुढे ‘डीटी’ अशी अक्षरं असतात. विरघळवून घेतलेल्या औषधावरही वरून पुरेसं पाणी प्यायचं असतं, कारण ते द्रावणही आम्लच असतं.

आम्ल कमी करणारी गोळी आणि सुक्राल्फेटचं पातळ औषध सहसा देतात. सुक्राल्फेट जखमेवर लेप धरतं, म्हणून ते जेवणाआधी रिकाम्या पोटी, हळूहळू घोट घेत प्यायचं असतं. एकदम घटाघटा नाही.

दुखतंय म्हणून घरात पडलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेणं ही या काळातली सर्वात महाग चूक. त्याच जखमेवर दुसरं जाळणारं औषध जातं. वेदनेसाठी काही हवंच असेल तर पॅरासिटामॉल, तेही पातळ स्वरूपात, डॉक्टरांना विचारून.

दुसरा घोटाळा दुधाचा आणि अँटासिडचा. दोन्हींनी तात्पुरतं गार वाटतं, पण डॉक्सिसायक्लिन चालू ठेवलेलं असेल तर अँटासिडमधलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम, दुधातलं कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्या औषधाला बांधून ठेवतात, ते रक्तात कमी पोचतं. आग शमली आणि संसर्ग राहिला, असं होऊ नये म्हणून मध्ये किमान दोन ते तीन तासांचं अंतर ठेवा.

खाणं या दिवसांत मऊ आणि कोमट असावं. पेज, मऊ मुगाची खिचडी, दूध-पोळी चांगली कुस्करून, केळं, गोड दही. कढत चहा, तिखट रस्सा, लोणचं, लिंबू, कोकम, टोमॅटोचं सार, कुरकुरीत भाकरीचे पापुद्रे आणि तंबाखू-दारू बंद. दर घासाला दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरायला लागलं पाहिजे. आठवड्यात फरक नसेल, किंवा बरं झाल्यावर घास अडकायला लागला, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. व्रण भरताना कधी कधी तिथे नळी आकसते.

गोळी गिळायची योग्य पद्धत

डेन्मार्कमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना गोळ्या आणि कॅप्सूल गिळायला देऊन त्या कुठे जातात ते एक्स-रेवर पाहिलं. उभं राहून आणि आडवं पडून, २५ मिलिलिटर पाण्यावर आणि १०० मिलिलिटर पाण्यावर. आडवं पडून थोड्या पाण्यावर घेतलेल्या गोळ्या मोठ्या प्रमाणात रेंगाळल्या. त्यातून निघालेला सल्ला आजही तसाच लागू आहे: किमान १०० मिलिलिटर पाणी, आणि गिळल्यावर किमान दीड मिनिट उभं राहणं. १०० मिलिलिटर म्हणजे घरातला स्टीलचा ग्लास साधारण अर्धा. हे कमीत कमी. डॉक्सिसायक्लिन, लोह, वेदनाशामक अशा जाळणाऱ्या औषधांना पूर्ण ग्लास द्यावा आणि दीड मिनिटाऐवजी अर्धा तास ताठ राहावं. ग्लास एकदा मापाच्या कपाने मोजून ठेवा. फुलपात्र कमी भरतं, त्यावर ‘एक ग्लास झाला’ असं समजू नका.

आता गिळणं. सुरुवात गोळीच्या आधी होते: एक-दोन घोट पाणी आधी प्या. कोरडी नळी ओली करणं हे अर्धं काम आहे, आणि ते जवळजवळ कुणी करत नाही. उन्हातून आल्यावर, उपवासाला, सकाळी उठल्या उठल्या तर हे विसरूच नका.

यापुढे कॅप्सूल आणि गोळी यांचे रस्ते वेगळे होतात. आपल्याकडे भांड्याला ओठ न लावता वरून पाणी पिण्याची सवय आहे, त्यामुळे गोळी घेतानाही मान मागे टाकली जाते. कॅप्सूलच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. कॅप्सूल पाण्यापेक्षा हलकी असते, पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली की पाणी घशाकडे जातं आणि कॅप्सूल तरंगत पुढे, दातांकडे येते. मग पाणी संपतं आणि कॅप्सूल जिभेवर चिकटून राहते. शिवाय मान मागे असताना श्वासनलिका जास्त उघडी राहते, ठसका लागतो.

कॅप्सूलसाठी: ती जिभेवर ठेवा. ओठ लावून मध्यम घोट पाणी घ्या, पण गिळू नका. आता हनुवटी छातीकडे झुकवा, नमस्कार करताना मान वाकते तितकी. कॅप्सूल तरंगत घशाकडे येते. मान तशीच ठेवून गिळा.

साध्या जड गोळीसाठी बाटलीची पद्धत चांगली चालते. दाबली जाईल अशी मऊ प्लास्टिकची बाटली पाण्याने भरा. गोळी जिभेवर ठेवा, बाटलीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा आणि पाणी ओढून घ्या, चोखतो तसं. ओठ आणि बाटली यांच्यात हवा जाऊ द्यायची नाही, बाटली आत दबली पाहिजे. ओढत असतानाच लगेच गिळा. पाण्याच्या त्या ओढीबरोबर गोळी निघून जाते आणि जिभेला तिच्याकडे लक्ष द्यायला वेळच मिळत नाही. जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाटलीच्या पद्धतीने सुमारे ६० टक्के, तर पुढे झुकून कॅप्सूल घेण्याने सुमारे ८९ टक्के वेळा गिळणं आधीपेक्षा सोपं गेलं. काचेच्या किंवा स्टीलच्या बाटलीने हे जमत नाही, कारण ती आत दबत नाही.

दोन्ही पद्धतींत गोळी गेल्यावर उरलेला ग्लास संपवायचा. हा शेवटचा भाग सोडला की आधीचं कसब वाया जातं. मग जेवणाच्या मध्यावर गोळी घेतली असेल तर पुढचे घास आहेतच. नसेल आणि औषध खाण्याबरोबर चालत असेल, तर अर्धं केळं किंवा दोन बिस्किटं वर खावीत.

एका वेळी एकच गोळी. मूठभर गोळ्या एकदम टाकणाऱ्यांच्या एक-दोन मागे राहतात, आणि कुठल्या राहिल्या ते कळत नाही.

ज्यांना गोळी बघूनच घसा आवळतो त्यांनी औषधाशिवाय सराव करावा. भिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा घ्या. तो मऊ, गुळगुळीत असतो, अडला तरी काही होत नाही. आधी एक, मग दोन एकत्र, वरच्याच पद्धतीने. लहान मुलांवर मात्र हा प्रयोग करू नका, त्यांच्यासाठी पातळ औषध मागून घ्या.

वेळ: ‘रात्री’ म्हणजे झोपताना नव्हे

चिठ्ठीवर सकाळ-रात्र असं लिहिलेलं असतं. तिथे रात्रीची गोळी म्हणजे रात्रीच्या जेवणाबरोबरची, झोपायच्या किमान तासभर आधीची. विसरलात आणि अंथरुणावर पडल्यावर आठवलं, तर उठून स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने पूर्ण ग्लास पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास बसा. तेवढी झोप उडणार नसेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घेतलेली बरी. डॉक्सिसायक्लिन दिवसातून एकदाच असेल तर ते सकाळच्या नाश्त्यानंतरच ठेवा.

अ‍ॅलेंड्रोनेट याला अपवाद आहे. ती आठवड्याची गोळी सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, फक्त साध्या पाण्याच्या पूर्ण ग्लासाबरोबर घ्यायची. चहा, दूध, रस काही नाही. नंतर किमान ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही आणि खायचंही नाही. म्हणजे केळं खाऊन गोळी ढकलायचा उपाय इथे मोडतो, सगळी भिस्त पाण्यावर आणि ताठ राहण्यावर. ज्या आजींना अर्धा तास ताठ बसवत नाही, किंवा ज्यांना घास आधीपासूनच अडकतो, त्यांच्यासाठी ती गोळी योग्य नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, दुसरे पर्याय असतात.

फोडायची, कुटायची की नाही

मोठी गोळी उतरत नाही म्हणून खलबत्त्यात कुटण्याआधी पाकीट वाचा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असतील तर औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी तिची रचना असते. कुटली की सगळं एकदम सुटतं, आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या औषधात ते धोक्याचं. ‘एन्टरिक’ किंवा ‘ईसी’ असेल तर वरचा थर तोंडात-जठरात विरघळू नये म्हणून लावलेला असतो, तो मोडायचा नाही. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल उघडून पूड जिभेवर टाकणं म्हणजे आग थेट तोंडात घेणं. मध्ये रेघ असलेली साधी गोळी सहसा अर्धी करता येते, तरी औषधाच्या दुकानात फार्मासिस्टला एकदा विचारून घ्यावं. अर्ध्या गोळीची कड खरखरीत असते, तिला पाणी जास्तच लागतं.

वृद्धांच्या घरात आणखी एक काळजी. गोळ्यांचं पाकीट कात्रीने कापून एकेका गोळीचे चौकोन करून डबीत ठेवू नका. कमी दिसणारा माणूस चौकोन फॉइलसकट गिळतो, आणि त्याच्या धारदार कोपऱ्यांनी अन्ननलिका फाटू शकते. डबी भरायची असेल तर गोळ्या पाकिटातून काढूनच भरा. असा चौकोन गिळल्याची शंका आली तर दुखायची वाट न पाहता, वरून काहीही खायला-प्यायला न देता रुग्णालयात जा, आणि तशाच उरलेल्या चौकोनांतला एक डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.

अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांना पाण्यानेच ठसका लागत असेल तर वरचं ‘पूर्ण ग्लास पाणी’ त्यांच्यासाठी नाही. त्यांचं गिळणं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं लागतं, आणि औषध कोणत्या स्वरूपात द्यायचं ते त्यावरून ठरतं. हृदय किंवा किडनीच्या आजारात पाणी मोजून दिलेलं असेल, तर गोळ्यांसोबतचं पाणी दिवसाच्या कोट्यात धरा. अशांच्या चार गोळ्या एकाच वेळी आल्या तर एकेक करून, तोच एक ग्लास चारात वाटून, शेवटचा मोठा घोट सगळ्यांच्या नंतर घ्यावा, आणि जाळणारी गोळी त्या रांगेत पहिली ठेवावी, म्हणजे मागून येणारं सगळं पाणी तिच्यावरून जातं.